आरंभ कोठून करावा?

यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. या पंथाचे ग्रंथ कोणते व ते कोणीं रचिले, हें त्यावरून कळतें. परंतु वाचनालयांत प्रथमच येणारा मनुष्य 'काय काय आहे?' असें विचारीत नाहीं. 'मी आरंभ कोठून करूं?' असें विचारतो. यादी त्याला उत्तर देत नाहीं. त्यासाठीं कपाटाच्या दारावर एक निराळें पान लावावें लागतें.

समजा, यवतमाळच्या एखाद्या वाचनालयांत असें महानुभाव ग्रंथांचें कपाट आहे. जाणता मनुष्य पान लिहावयास बसला, म्हणजे प्रथम 'सूत्रपाठ' सुचवितो. कारण चक्रधरांचीं वचनें त्यांतच एकत्र आहेत. येथेंच चूक होते. सूत्रें अत्यंत त्रोटक. नवखा वाचक दोन पानें चाळून ग्रंथ परत करतो, आणि पुन्हां त्या कपाटाकडे वळत नाहीं. जो ग्रंथ श्रेष्ठ, तोच पहिला असावा असें नाहीं.

म्हणून पानावर शतकें वा ग्रंथकार यांचे मथळे न घालतां वाचकाची आवड त्याच्याच शब्दांत लिहावी. 'जुन्या काळचीं माणसें पाहावयाचीं आहेत' असें म्हणणाऱ्यास म्हाइंभटांचें 'लीळाचरित्र' द्यावें. त्यांतील लीळा छोट्या असून एकेक सुटी वाचतां येते. 'गाणीं आवडतात' त्यास महदंबेचे 'धवळे'. ती श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचीं गीतें होत. 'विचार हवा' त्यास 'दृष्टांतपाठ', आणि त्यांतही जन्मांधांनीं हत्ती चांचपल्याचा दृष्टांत आधीं. प्रत्येक मथळ्याखालीं एकच पहिलें वाचन व एकच पुढचें असावें. धवळ्यांनंतर नरेंद्राचें 'रुक्मिणीस्वयंवर' येईल, दृष्टांतपाठानंतर सूत्रपाठ. शेजारीं एका ओळींत काय मिळेल व काय जड जाईल, तें सांगावें. चारांहून अधिक मथळे झाले, कीं पानाची पुन्हां यादी होते.

पान साधलें कीं नाहीं, हें देवघेवीच्या वहीवरून कळतें. एखाद्या मथळ्याचें पहिलें पुस्तकच कोणी नेत नसेल, तर तो मथळा बहुधा आपल्या भाषेंत आहे, वाचकाच्या नव्हे. पहिलें जातें पण दुसरें जात नाहीं, तेव्हां मधली पायरी फार उंच आहे असें समजावें, आणि मध्यें सोपें कांहीं घालावें. जें पुस्तक कपाटांत उरलें नाहीं, त्याचें नांव त्याच दिवशीं खोडावें; पहिल्याच खेपेस रिकाम्या हातानें परतलेला वाचक त्या पानावर पुन्हां विश्वास ठेवीत नाहीं.

केसोबास संस्कृतांत रचना करूं लागले, तेव्हां त्यामुळें आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असें सांगून नागदेवाचार्यांनीं त्यांस थांबविलें, अशी आठवण 'स्मृतिस्थळां'त आहे. आचार्यांच्या डोळ्यांपुढें ऐकणारीं माणसें होतीं. पान लिहितांना आपल्याही डोळ्यांपुढें तो दाराशीं उभा असलेला नवखा वाचकच असावा.