पिनच्या कुलपाची खरी किल्ली

दूरचित्रवाणीच्या संचावर आंतरजालावरून एखादा चित्रपट लावला, म्हणजे आरंभी पडद्याच्या कोपऱ्यात U/A 13+ अशी एखादी खूण काही क्षण उमटते आणि नाहीशी होते. ती वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आणि जे वाचतात, त्यांतील पुष्कळांचा तिच्या अर्थाविषयी गैरसमज असतो. तेरा वर्षांखालील मुलास ही कलाकृती वर्ज्य आहे, असा तिचा अर्थ नव्हे. तेरा वर्षांखालील मुलाने ती पाहावयाची झाल्यास आईवडिलांच्या मार्गदर्शनाने पाहावी, एवढेच ती खूण सांगते. पूर्णतः प्रौढांसाठी राखलेली खूण एकच, ती म्हणजे A.

भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी आंतरजालावरील चित्रपट आणि मालिका यांची U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A अशी पाच वर्गांत विभागणी केली. चित्रपटगृहात दाखवावयाच्या चित्रपटाला प्रमाणपत्र देणारे मंडळ निराळे. येथे वर्ग ठरवितो तो प्रसारण करणारा स्वतः. U/A 13+ किंवा त्यावरील वर्गाच्या कलाकृतींसाठी त्याने कुलपाची सोय ठेवावी, असे त्याच नियमांत म्हटले आहे. मात्र सोय ठेवणे निराळे आणि कुलूप लावणे निराळे. हे दुसरे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनाच करावे लागते, आणि बहुतेक घरांत ते अर्धेच होते.

उदाहरणादाखल एक कुटुंब घ्यावे. घरात आजी, आईवडील, पंधरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. नेटफ्लिक्सची वर्गणी एकच. पण तिच्यात प्रत्येकाचे नाव घातलेले स्वतंत्र दालन आहे. या दालनाला तेथे प्रोफाइल म्हणतात. वडिलांनी संगणकावर खाते उघडून मुलाच्या प्रोफाइलला U/A 7+ ची आणि मुलीच्या प्रोफाइलला U/A 13+ ची मर्यादा घातली. मर्यादेत बसणारी पण मुलाला न रुचणारी एक भीतिदायक मालिका होती, ती नावानिशी वगळली. एवढे करून ते निश्चिंत झाले.

आठ दिवसांनी आईने आजींच्या प्रोफाइलमधील पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी उघडली, तेव्हा कौटुंबिक मालिकांच्या रांगेत मध्यरात्रीच्या मारामारीचे दोन चित्रपट दिसले. आजींची अभिरुची एकाएकी पालटली नव्हती. मुलाने आपले प्रोफाइल सोडून आजींचे निवडले होते, इतकेच. मर्यादा मुलाच्या दालनाला होती. शेजारच्या दालनाचे दार सताड उघडे होते.

म्हणून चार आकड्यांचा पिन मुलांच्या प्रोफाइलला नव्हे, तर मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला लावावयाचा असतो. आजींना आकडे लक्षात राहणार नाहीत म्हणून त्यांचे दार उघडे ठेवण्याचा मोह होतो. तो केला तर बाकीची सारी कुलपे शोभेची ठरतात. शिवाय नवे प्रोफाइल उघडण्यासही पिन मागितला जावा, ही निवड तेथेच करावी लागते. नाहीतर मूल आपल्यासाठी नवे, मर्यादाविरहित दालन बांधून घेऊ शकते.

पिन निवडताना जन्मसाल वा गाडीचा क्रमांक घेणारे पुष्कळ आहेत. मुलांना दोन्ही पाठ असतात. त्यातही संचावर पिन भरताना चौकट एकेका आकड्यावरून सरकते, ती शेजारी बसलेल्या मुलाला स्वच्छ दिसते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पिन विसरल्यास तो खात्याच्या परवलीच्या शब्दाने पुन्हा मिळविता येतो. म्हणजे खरी किल्ली तो शब्द होय. ज्या संगणकावर मुले अभ्यास करतात, त्यावरच तो साठवून ठेवलेला असेल, तर पिन कितीही अवघड असला तरी उपयोग नाही.

हे सारे झाल्यावर संचासमोर बसून परीक्षा घ्यावी. प्रथम दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन परत यावे. कधी कधी तोवर बदल संचापर्यंत पोचलेला नसतो. मग मुलाच्या प्रोफाइलमध्ये U/A 16+ वर्गाच्या एखाद्या ठाऊक असलेल्या चित्रपटाचे नाव शोधावे. तो लावता येता कामा नये. नंतर आजींचे, आईचे आणि वडिलांचे प्रोफाइल एकेक करून निवडावे. तिन्ही वेळा पिन मागितला गेला पाहिजे.

या कुलपाची सत्ता मात्र त्या एका वर्गणीपुरतीच चालते. त्याच संचावरील यूट्यूब तिच्या कक्षेत येत नाही, दुसऱ्या कंपनीची वर्गणी येत नाही, आणि सेट-टॉप बॉक्सवरील वाहिन्याही येत नाहीत. या प्रत्येकाची व्यवस्था निराळी आणि पिनही निराळा. सेट-टॉप बॉक्सवर कारखान्यातून आलेला पिन पुष्कळदा 0000 किंवा 1234 असतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. वरील कुटुंबातही तो तसाच होता. आईने तो त्याच संध्याकाळी बदलला, आणि आजींचे चार आकडे त्यांच्या पोथीच्या शेवटच्या पानावर लिहून दिले. ती पोथी मुलगा उघडणार नाही, अशी आजींची खात्री होती.