ताळेबंदातील देणे आणि टिपेतील देणे

माल उधारीवर घेतला की धनको, रक्कम व मुदत निश्चित असते. ते झाले नोंदलेले देणे. पैसे बहुधा द्यावे लागतील, पण रक्कम वा वेळ अनिश्चित असेल, तर विश्वासार्ह अंदाजाने तरतूद करतात. नफा तेवढा घटतो. देणे केवळ संभवनीय असेल, तर ते आकस्मिक दायित्व म्हणून टिपेत दाखवितात. नफ्याला धक्का लागत नाही.

व्होडाफोन आयडियाच्या परवाना शुल्काच्या वादातील बराचसा भाग असा टिपेत होता. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला. सप्टेंबर तिमाही संपलेली होती. तथापि वाद जुना असल्याने तरतूद त्याच तिमाहीत करावी लागली. तिच्यासह तोटा ५०,९२१ कोटी रुपयांवर गेला. टीप मात्र आधीपासूनच छापलेली होती.