जुना माल परत कसा येतो?



आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी गोटी सोडा प्यायला असेल, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. सोडा पिऊन झाला की बाटली तिथेच परत द्यावी लागे. घरी न्यायची तर दुकानदार अनामत मागून घेई. सोड्यापेक्षा त्या जाड काचेच्या बाटलीची किंमत जास्त होती, हे त्याला पक्के ठाऊक होते. आजचा माझा विषय हा त्या बाटलीचाच विषय आहे, फक्त बाटलीच्या जागी मोटारीतला एक यंत्रभाग आहे.

कारखान्यात तयार झालेली वस्तू ग्राहकाकडे जाते, वापरली जाते आणि भंगारात पडते. हा एकेरी रस्ता झाला. तो वळवून वस्तू पुन्हा कारखान्याच्या दारात आणायची आणि तिचे नव्याच्या तोडीचे रूप करून पुन्हा विकायची, याला पुनर्निर्मिती म्हणतात. ही दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती करणारा बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलतो. पुनर्निर्मिती करणारा संपूर्ण वस्तू सुटी करतो, झिजणारे भाग बिघडलेले असोत वा नसोत, बदलतो, उरलेले मोजून पाहतो आणि नव्या मालासारखी हमी देतो. कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्वा येथे रेनो कंपनी 1949 पासून जुनी इंजिने अशा रीतीने नवी करू लागली. पण मोठ्यांच्या गोष्टी बाजूला ठेवू. भोसरीतल्या एका लहानशा कारखान्याशी माझा काही वर्षे संबंध आला. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण त्याच्या चुकाही सांगायच्या आहेत. किमती आणि संख्याही हिशेब समजण्यापुरत्या सोप्या करून घेतल्या आहेत.

या कारखान्यात ट्रकचे अल्टरनेटर नवे होतात. अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र; जुने चालक त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. बाहेर ॲल्युमिनियमचे कवच, आत तांब्याच्या तारांची दोन वेटोळी, एक स्थिर आणि एक फिरते. फिरत्या वेटोळ्याला वीज पोचवायला दोन कड्या आणि त्यांवर घासणारे कार्बनचे ब्रश. शिवाय दोन बेअरिंगे आणि उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारे डायोड. यातले झिजते काय? ब्रश, बेअरिंगे आणि थोड्याफार कड्या. उष्णतेने जातात ते डायोड. वजनाने आणि किमतीने मोठे असलेले कवच, लोखंडी गाभा आणि तांबे यांना बहुधा काहीच झालेले नसते. म्हणजे जे फुकट जाते ते महाग असते आणि जे झिजते ते स्वस्त असते. जिथे असे असते तिथेच हा धंदा चालतो. जिथे उलट असते, उदाहरणार्थ वीज फार खाणारे जुने फ्रिज, तिथे जुन्याला नवे करणे म्हणजे खर्च लांबवणे.

कारखान्यात काम असे चालते. जुना नग आला की हाताने फिरवून पाहतात, मग सुटा करतात आणि धुतात. वेटोळ्यांचा रोध मोजतात आणि तारेवरचे वेष्टन कुठे फाटून वीज कवचात उतरत नाही ना, ते मेगरने तपासतात. कड्यांवरून लेथवर अगदी बारीक कात घेतात. बेअरिंगे आणि ब्रश सरसकट नवे. शेवटी तपासणीच्या बाकावर ठराविक वेगाने फिरवून, ठराविक भार लावून, पुरेशी वीज देतो की नाही ते पाहतात आणि कवचावर तारीख ठोकतात.

ही तारीख फार उपयोगाची ठरली. एका पावसाळ्यात तक्रारी वाढल्या. अल्टरनेटर किंचाळतो, महिना-दीड महिन्यात बेअरिंग जाते. सगळ्यांनी बेअरिंग पुरवणाऱ्याला दोष दिला. परत आलेल्या नगांच्या तारखा मांडल्या तेव्हा दिसले की सारे एकाच पंधरवड्यातले आहेत, आणि बेअरिंगे मात्र दोन निरनिराळ्या पुरवठादारांची. त्या पंधरवड्यात धुण्याचा हौद बदलला होता. लोखंडी भाग छान निघतात म्हणून कोणीतरी त्यात कॉस्टिक सोडा टाकला होता. कॉस्टिक सोडा लोखंडाचे तेल काढतो, पण ॲल्युमिनियम खातो. कवचात बेअरिंग जिथे घट्ट बसते ते घर केसभर रुंद झाले, बेअरिंगचे बाहेरचे कडे घरातच फिरू लागले आणि तापून गेले. उघडलेल्या कवचावरून बोट फिरवले तर काळे लागत होते, आणि बेअरिंगचे घर घासून आरशासारखे चकाकत होते. दोन्ही खुणा डोळ्यांसमोर होत्या. पाहिल्या मात्र उशिरा. पुढे हौद वेगळे झाले, ॲल्युमिनियमला सोसेल असे सौम्य द्रावण आले आणि प्रत्येक घर गेजने तपासले जाऊ लागले. त्या वर्षीचा नफा मात्र हमी पाळण्यातच गेला.

इतके सांगूनही खरी अडचण मी अजून सांगितलेली नाही. नवा माल बनवणाऱ्याला कच्चा माल हवा तेव्हा, हवा तितका विकत घेता येतो. पुनर्निर्मिती करणाऱ्याचा कच्चा माल म्हणजे लोकांच्या गाड्यांत बिघडलेली वस्तू. ती केव्हा येईल, कोणत्या जातीची येईल, कोणत्या दशेत येईल, हे त्याच्या हातात नसते.

थोडा हिशेब करू. समजा, 100 नग बाजारात गेले. त्यांतले 80 परत आले. त्या ऐंशींपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे 16, कामातून गेलेले निघाले. उरले 64. पुढच्या फेरीला चौसष्टांतून सुमारे 41, त्यातून 26, असे करत करत मूळच्या शंभर नगांतून एकूण सुमारे 278 वेळा वापर मिळतो. आता परत येणारे 80 ऐवजी 90 झाले तर? दर फेरीला 72 टिकतात आणि एकूण वापर 357 पर्यंत जातो. कारखान्यात एकही नवे यंत्र न आणता! मालकांना हा हिशेब दाखवला तेव्हा नव्या लेथचा विचार त्यांनी पुढे ढकलला.

मग परत का येत नव्हते? मी एका गॅरेजवाल्या मिस्त्रीला विचारले. तो म्हणाला, "साहेब, भंगारवाला रोज दारावरून जातो आणि रोख देतो. तुमचा माणूस येणार पंधरा दिवसांनी. तोवर ते धूड ठेवू कुठे?" याला उत्तर नव्हते. भंगारात 400 रुपये मिळत असतील तर कारखान्याची अनामत 400 असून भागणार नाही. धूड सांभाळण्याचा त्रासही तिने फेडला पाहिजे. ती 800 केली तेव्हा नग येऊ लागले. पण अनामत चढवण्यालाही मर्यादा आहे. ती फार झाली की मिस्त्रीची रोकड अडकते आणि तो नवा मालच घेतो. शिवाय भंगारबाजारातून पोकळ कवचे आणून अनामत मागणारेही निघतात. म्हणून नियम झाला : त्याच जातीचा नग, एकास एक, आणि न उघडलेला. उघडलेल्या नगात कोणाचे काय घातलेले असेल, देव जाणे.

आता वेष्टनाकडे येतो. ते वेगळे प्रकरण वाटेल, पण तसे नाही. बाद होणाऱ्या सोळांचे कारण शोधले तेव्हा कळले की त्यांतले जवळजवळ निम्मे गाडीत बिघडलेच नव्हते, ते वाटेत मोडले होते. नवा नग थर्माकोलच्या साच्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, लाडाकोडाने जाई; जुना मात्र गोणीत भरून टेम्पोत फेकला जाई. कवचाचे कान तुटत, पुली वाकत, पावसाचे पाणी आत शिरे. तो आपला कच्चा माल आहे ही जाणीवच नव्हती. बाद होणारे 16 वरून 8 वर आणले तर दर फेरीला 72 टिकतात, म्हणजे परतीचे प्रमाण वाढवून जो फायदा झाला असता तोच.

म्हणून प्लॅस्टिकचे झाकणाचे क्रेट आणले. नवा नग त्यात जायचा आणि त्याच क्रेटमधून जुना परत यायचा. टेम्पो नाहीतरी रिकामाच परतत होता. खर्च पाहा. खोके आणि थर्माकोल मिळून 45 रुपये, एकदाच वापर. क्रेट 350 रुपये आणि दर फेरीला धुण्याचे 5. दर फेरीला शंभरातले दहा क्रेट हरवले तर एका क्रेटला सरासरी दहा फेऱ्या मिळतात, फेरीला 35 आणि 5 मिळून 40 पडतात, फायदा नावापुरता. पाचच हरवले तर वीस फेऱ्या मिळतात आणि खर्च साडेबावीसवर येतो. क्रेट मोडत नाहीत हो, ते चांगले असतात म्हणून जातात! एका गॅरेजात मी आमच्या क्रेटमध्ये कांदे पाहिले. मग प्रत्येकावर क्रमांक आला आणि त्यालाही अनामत लागली.

पण ही युक्ती सगळीकडे चालली नाही. पुण्याच्या आसपास क्रेट बारा दिवसांत परत येई. रोज दहा नग जात, तर 120 क्रेट पुरत. नागपूरचा व्यापारी पुरेसे जुने नग साठल्याशिवाय गाडी भरीत नसे. चाळीस दिवस लागले तर त्याच कामाला 400 क्रेट लागतील, आणि ते बहुतेक वेळ गोदामात पडून राहतील. तेव्हा नागपूरला पुठ्ठाच ठेवला, मात्र सुधारून. थर्माकोल काढून जुन्याच पुठ्ठ्याच्या खाचा पाडलेल्या आडव्या-उभ्या पट्ट्या घातल्या आणि बाहेरचा चकचकीत प्लॅस्टिकचा थर काढला. कागद गिरणीला नुसता पुठ्ठा हवा असतो. त्यावर प्लॅस्टिक चिकटलेले असले की लगदा करताना ते वेगळे काढावे लागते, आणि तेलाने भिजलेला पुठ्ठा तर ती परतच करते. थर्माकोल वजनाने इतका हलका की तो गोळा करून नेणे म्हणजे भाडे देऊन हवा वाहणे. पुठ्ठ्याचाही तंतू दर फेरीला आखूड होतो, म्हणून त्यात नवा तंतू मिसळावा लागतो. त्याचेही चक्र पूर्ण नसते. जुना नग मात्र तेलकट असतो, म्हणून तो त्या खोक्यात परत घालायचा नाही. नागपूरहून तो लाकडी पेटीत, गवतावर बसून येतो. मालकांना हे दिसायला आवडत नाही, पण कान तुटत नाहीत.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. कारखान्याच्या मागच्या भिंतीला एक लांब फळी आहे. तिथे ज्यांच्या गाड्याच आता रस्त्यावर फारशा उरल्या नाहीत, असे नग धूळ खात असतात. दर सहा महिन्यांनी मालक आणि फोरमन तिथे उभे राहून वाद घालतात : आणखी ठेवायचे की तांब्याच्या भावाने काढायचे? ठेवले तर पैसा आणि जागा अडते. काढले आणि पुढच्याच आठवड्यात एखादा एसटीचा जुना सोबती त्या जातीचा नग मागत आला, तर फोरमन दोन दिवस बोलत नाही. आता विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत, आणि त्यांत अल्टरनेटर नसतोच. ती फळी पुढल्या काळात लांबतच जाणार, हे दोघांनाही दिसते आहे. मागल्या खेपेला मी गेलो तेव्हा मालकांनी फळीवरचे निम्मे नग काढले होते. फोरमनने त्यातले चार गुपचूप आपल्या बाकाखाली ठेवले होते.