पाचातले दोन वाटे



भोरला परिषद घ्यायची ठरली तेव्हा विषयही भोर-वेल्ह्यातूनच उचलावा असं मला वाटलं. वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका, पण आपल्यापैकी निम्म्यांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तसंच म्हणतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर दर वर्षी ऐकू येणारा एक आकडा मला आज इथल्या भातखाचरात उभा करून दाखवायचा आहे. तो म्हणजे कर-जीडीपी गुणोत्तर. देशात वर्षभरात जेवढ्या मोलाचं उत्पादन झालं, त्यातला किती टक्के भाग कर म्हणून सरकारकडे आला, एवढाच त्याचा अर्थ. 2023-24 मध्ये केंद्राचा सकल कर महसूल साधारण पावणेबारा टक्के होता. राज्यांचे कर मिळवले की भारताचा आकडा सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाची सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास आहे, तर फ्रान्स आणि डेन्मार्क चाळिशीच्या पुढे आहेत. खूप गरीब देशांत हाच आकडा दहा ते पंधरा टक्क्यांत घुटमळतो.

मग लगेच म्हटलं जातं, ‘बघा, आपल्याकडे लोक कर बुडवतात.’ बुडवतात, हे आपल्या धंद्यातल्या माणसांना मी सांगायला नको. पण या फरकाचा मोठा भाग बुडवेगिरीतून येत नाही. तो कशातून येतो, ते इथूनच नीट दिसतं.

समोर राजगड आणि तोरणा आहेत. अण्णाजी दत्तोंच्या जमीनमोजणीनंतर पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असा शिवकाळातला नियम सभासद बखरीत नोंदला आहे. पाचातले दोन म्हणजे चाळीस टक्के. आजच्या फ्रान्सच्या जवळ जाणारा हा आकडा ऐकून कुणी भारावून जाऊ नये. हा वाटा पिकाचा होता, सगळ्या उत्पन्नाचा नव्हता. शिवाय कागदावरचा दर आणि प्रत्यक्षातली वसुली यांत तेव्हाही अंतर असणारच. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्तावा मिळे, म्हणजे सारा थोड्यावर सुरू होऊन वर्षागणिक वाढे. तरी मुद्दा उरतोच. अत्यंत गरीब मुलखात पिकाचा एवढा मोठा वाटा मागता येत होता, कारण पीक लपत नव्हतं. वर्षातून एकदा भात खळ्यावर यायचं, रास पडायची आणि मापं सगळ्यांसमोर व्हायची. कर कुठे पकडायचा याची जागा ठरलेली होती.

आज त्याच खाचरातल्या भाताचं काय होतं? आठ-अ वर शेतसारा आहे, पण त्याची रक्कम अशी की तलाठ्याकडे जायला पेट्रोल त्याहून जास्त लागतं. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकराच्या बाहेर आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार शेतीउत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा आहे आणि राज्यांनी त्याला जवळपास हात लावलेला नाही. सुट्या तांदळावर जीएसटी नाही. म्हणजे अंशात शून्य.

पण छेदात? आपल्यातल्या अनेकांना याची कल्पना नसते. जीडीपीमध्ये फक्त विकलेला माल धरतात असा समज आहे, पण घरी खायला ठेवलेलं भातही त्यात धरलं जातं. सांख्यिकी खातं बाजारभावानं त्याचं मोल करतं. स्वतःच्या घरात राहणाऱ्यानं स्वतःलाच भाडं दिलं असं मानून तेही मिळवतं. मात्र तोच भात घरच्या बाईनं शिजवला तर तिच्या श्रमाचं मोल शून्य. हा अन्याय आहे, पण तो आजचा विषय नाही. थोडक्यात, कणगीतलं भात आणि पडवीचं मानीव भाडं छेद वाढवतात, अंशात काहीच घालत नाहीत. ज्या देशात अशी कणगी मोठी, तिथं गुणोत्तर खाली. दर कितीही वाढवा, शून्याचे चाळीस टक्के शून्यच.

आता एक हिशेब मांडतो. आकडे माझे, निव्वळ उदाहरणासाठी. दहा घरांची एक वाडी घ्या. पहिल्या प्रकारचं घर भात, थोडं दूध आणि राहतं घर यांवर चालतं. वर्षाचं उत्पन्न सगळं मोल धरून 1 लाख 20 हजार. साबण, तेल, रिचार्ज, पेट्रोल यांतून सरकारकडे जातात 5 हजार, म्हणजे चार टक्के. दुसऱ्या घरातला मुलगा रोज शिरवळच्या कारखान्यात जातो आणि वर्षाला 3 लाख मिळवतो. त्याला प्राप्तिकर शून्य, पण तो जवळजवळ सगळं विकत घेतो. त्यातून 24 हजार जातात, म्हणजे आठ टक्के. तिसऱ्या घरातला माणूस त्याच कारखान्यात व्यवस्थापक आहे, पगार 20 लाख. नव्या करप्रणालीत 2025-26 च्या दरांनी, 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून, त्याचा प्राप्तिकर उपकरासह 1 लाख 92 हजार 400 होतो. खर्चातून 1 लाख 20 हजार धरा. एकूण पंधरा-सोळा टक्के.

वाडीत पहिल्या प्रकारची आठ आणि दुसऱ्या प्रकारची दोन घरं असतील तर उत्पन्न 15 लाख 60 हजार आणि कर 88 हजार. गुणोत्तर 5.6. पंचवीस वर्षांनी समजा पहिल्या प्रकारची तीन, दुसऱ्याची सहा आणि तिसऱ्याचं एक घर झालं. उत्पन्न 41 लाख 60 हजार, कर 4 लाख 71 हजार 400. गुणोत्तर 11.3. कायद्यातलं एक कलम बदललं नाही, एक दर वाढला नाही, कुणी अधिक प्रामाणिकही झालं नाही. तरी गुणोत्तर दुप्पट. आणि यात कारखान्याच्या नफ्यावरचा कर मी धरलेलाच नाही.

श्रीमंत देश जास्त कर का गोळा करतात, याचं मुख्य उत्तर या वाडीत आहे. तिथं बहुतेक उत्पन्न कुठल्या ना कुठल्या पगारपत्रकातून जातं. पगार देणारा लिहितो, घेणारा लिहितो, आणि दोघांना खोटं बोलायचं तर संगनमत करावं लागतं. शंभर माणसांच्या कारखान्यात ते टिकत नाही, पण चार माणसांच्या दुकानात सहज टिकतं. पगारातूनच कर कापून घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये 1944 साली सुरू झाली. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातले मोठे देशही राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून कमीच कर घेत होते. 1963 मध्ये निकोलस काल्डोर यांनी अविकसित देशांचं प्रमाण 8 ते 15 टक्के आणि विकसितांचं 25 ते 30 टक्के सांगितलं होतं. त्याआधी 1956 मध्ये हेच गृहस्थ भारताच्या करसुधारणेवर अहवाल देऊन गेले. त्यांच्या सल्ल्यानं आलेला खर्चकर फार काळ टिकला नाही. खर्च मोजणार कोण आणि कशावरून, हा तेव्हाही प्रश्न होता.

सगळा दोष परिस्थितीवर ढकलू नका, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. शेतीउत्पन्न बाहेर ठेवणं हा राजकीय निर्णय आहे. कुवेत, सौदी अरेबिया हे श्रीमंत देश कर अगदी कमी घेतात, कारण तेल आहे. उलट फ्रान्समधल्या मोठ्या आकड्यात सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी आहे. आपला भविष्यनिर्वाह निधी ज्याच्या-त्याच्या खात्यात राहतो, म्हणून तो करात मोजत नाहीत. खेड-शिवापूरच्या नाक्यावर आपण जो टोल भरतो तोही यात नाही. खिशाला कर वाटतो, पण हिशेबात ते सेवाशुल्क.

या गुणोत्तराची एक गंमत मात्र भोर-वेल्ह्याच्या माणसाला दिल्लीकरापेक्षा लवकर कळेल. नेपाळचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी, पण त्यांचं कर-जीडीपी गुणोत्तर भारताच्या तोडीचं आहे. कारण तिथली मुलं आखातात आणि मलेशियात राबतात. त्यांनी घरी पाठवलेला पैसा जीडीपीत येत नाही, कारण ते उत्पादन नेपाळच्या हद्दीत झालेलं नाही. पण त्या पैशानं आयात मालाची खरेदी होते आणि सीमेवरच कर लागतो. अंशात आहे, छेदात नाही. या डोंगरांतल्या घरांनी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर वर्षं काढली. या दोन तालुक्यांचं गुणोत्तर काढायला गेलं तर असाच घोळ होईल. मिळवलं मुंबईत, खर्चलं इथं, आणि भाटघरचं पाणी अडलं इथं, पण त्यावरचा ऊस आणि त्या साखरेवरचा कर नीरेच्या कालव्यांखाली, बारामती-फलटणकडे. म्हणून तालुक्याचं गुणोत्तर काढण्याच्या भानगडीत पडू नये.

छेद हलला तरी आकडा हलतो, हेही ध्यानात असू द्या. 2014 मध्ये नायजेरियानं जीडीपीचं आधारवर्ष 1990 वरून 2010 वर आणलं. चित्रपट, मोबाईल असे पूर्वी नीट न मोजलेले धंदे धरले आणि जीडीपी 89 टक्क्यांनी फुगला. तिजोरीत एक नायराही कमी झाला नव्हता, पण कर-जीडीपी गुणोत्तर जवळजवळ निम्म्यावर आलं. तेव्हा दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडताना मालिका एकच आहे ना, आणि त्यात राज्यांचे कर धरलेत ना, एवढं आधी पाहा.

शेवटी पुन्हा तांदळाकडे येतो. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच बांधून नाव छापलेल्या तांदळाच्या पिशवीवर पाच टक्के जीएसटी लागला. त्या पावसाळ्यात एक भातगिरणीवाले माझ्याकडे आले. इंद्रायणीची पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘साहेब, हाच तांदूळ पोत्यातून मोजून दिला तर कर नाही, आणि माझ्या नावाची पिशवी शिवली की कर?’’ मी म्हटलं, हो, कारण आता तो सरकारला दिसतो. खळ्यावरच्या राशीनंतर बऱ्याच काळानं वेल्ह्याचा तांदूळ करासाठी मोजण्याजोगा झाला होता. ते थोडा वेळ पिशवीकडे बघत बसले. पुढच्या खेपेला आले तेव्हा पिशवीवर नाव तेच होतं, छपाईही तीच. फक्त खालच्या कोपऱ्यात वजन होतं, 26 किलो.