खो मोठ्यानं द्यायचा!
(जिल्हा परिषद शाळेच्या क्रीडादिनी ग्रामसंघाच्या एका ताईंनी केलेलं छोटं भाषण)



आज खो-खोच्या संघात नाव द्या म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या पाच-सहा जणींनी माना खाली घातल्या, ते मी बघितलं. मी आज त्यांच्याशीच बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल!

तुम्हाला वाटतं, मैदानात उतरलं की सगळं गाव आपल्याकडेच बघणार. पण खो-खो नीट आठवून बघा. पाठलाग करणाऱ्या संघात नऊ जणी. त्यातल्या आठ जणी दोन खांबांच्या मधल्या पट्टीत चौकात बसतात, धावते एकटीच. लोकांचे डोळे त्या धावणारीवर आणि पळणारीवर. बसलेलीकडे कोण बघतंय? म्हणून लाजाळू मुलीला सुरुवात करायला खो-खोसारखा खेळ नाही, असं माझं मत आहे.

आता बसून करायचं काय, ते सांगते. शेजारच्या चौकातल्या मैत्रिणीचं तोंड तुमच्या उलट दिशेला असतं. समजा तुमचं तोंड शाळेकडे आहे आणि पळणारी चटकन मधून शाळेच्या बाजूला घुसली. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडायला बंदी. मग ती काय करते? तुमच्या मागून येते, पाठीला हात लावते आणि म्हणते, “खो!” आता उठायचं तुम्ही, ती तुमच्या जागी बसणार. पळणारी तुमच्या डोळ्यांसमोरच असते. तुम्ही ज्या खांबाकडे वळाल, तिकडेच जायचं, मध्येच माघारी फिरायचं नाही. ती दूर गेली असेल तर घाबरू नका. चार पावलं धावा आणि तुम्हीही पुढच्या मुलीला खो द्या. पकडलंच पाहिजे असं काही नाही.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे पळणारी समोर दिसली की खो मिळायच्या आधीच उठणं. त्यासाठी एक सोपी खूण, कान मागे ठेवा. पाठीला हात आणि कानावर खो, दोन्ही मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही. दुसरी चूक लाजणाऱ्यांची. हात लावतात, पण खो तोंडातल्या तोंडात. बसलेलीला ऐकू जात नाही, ती हलत नाही, पंच शिट्टी वाजवतात. मग सगळे त्या मुलीकडे बघतात! म्हणजे जे टाळायला हळू बोललो, तेच होतं.

याला औषध सरावाचं आहे. दोघी-दोघींनी जोडी करा. एकीनं बसायचं, दुसरीनं मागून येऊन खो द्यायचा. आधी पाठीशी उभं राहून दहा वेळा, मग पाच पावलांवरून धावत येऊन दहा वेळा. बसलेलीनं खरं सांगायचं, ऐकू आलं की नाही. शब्द एवढासा आहे, पाठांतर नाही, चुकायला काही नाही. मुलींनो, घरी शेरडं हाकताना तुमचा आवाज निघतोच की!

पळायची पाळी आली तरी एकटीला पाठवत नाहीत. तिघी-तिघींची तुकडी जाते. बाईंना सांगा, पहिल्यांदा खेळणारीला दुसऱ्या किंवा तिसऱ्या तुकडीत घाला, म्हणजे तिला आधी बघायला मिळतं. बाद झालीस तर बाहेर येऊन बसायचं, पुढच्या डावात पुन्हा तीच आठ चौकं आहेत.

आपल्या धाराशिवच्या सारिका काळे खो-खो खेळूनच अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचल्या, २०२० साली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी जिंकला आणि त्यांची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्याही आधी अशाच कुठल्यातरी चौकात बसून खोची वाट बघत असणार.

आता आयांना दोन शब्द. कडेला उभं राहून पोरीचं नाव घेऊन ओरडू नका. ती तुमच्याकडे बघते आणि मागचा खो चुकतो. आणि तिच्यासमोर, “आमची फार लाजाळू आहे हो,” असं चारचौघींत सांगू नका. आपण म्हणतो सहज, ती ते धरून बसते.

एखादीचा दम लागत असेल, ताप असेल, किंवा आज अजिबातच नको वाटत असेल, तर ओढून नेऊ नका. गुण लिहायला आणि घड्याळ बघायला माणूस लागतोच, तिला तिथं बसवा. मैदानाच्या आतली जागा आहे ती. खेळ जवळून दिसतो.

खाऊ वाटून झाला की सामन्याला अजून अर्धा तास आहे. मैदानातले खडे तेवढे आपण बाया वेचतो. मागच्या रांगेतल्या मुलींनी लिंबाखाली या, जोड्या लावू. माझ्या पाठीला हात लावून पहिला खो कोण देतंय?