हिशेबनीसाच्या प्रोफाइलच्या पहिल्या तीन ओळी



वाशीममधल्या खतं-कीटकनाशकांच्या एका ठोक दुकानात माझा मित्र बारा वर्षं हिशेब सांभाळतो. त्याला डेटा ॲनालिसिसकडे वळायचं होतं. लिंक्डइनवर त्यानं स्वतःबद्दल लिहिलं होतं, ‘मेहनती, प्रामाणिक, टॅली-एक्सेलचा दीर्घ अनुभव, नव्या क्षेत्रात संधी हवी.’ त्या जागेत २,६०० अक्षरं मावतात, पण प्रोफाइल उघडल्यावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. त्या ओळींत त्याचं कामच नव्हतं.

मी विचारलं, महिन्यातलं सगळ्यात किचकट काम कोणतं? म्हणाला, १४ तारखेला पोर्टलवर GSTR-2B येतं, ते खरेदीच्या नोंदींशी जुळवणं. २०२२ पासून बिल त्या पत्रकात दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. पुरवठादार ‘A/0045’ लिहितो आणि दुकानात नुसती ‘45’ अशी नोंद होते, की मेळ बसत नाही. म्हणून त्यानं पॉवर क्वेरीत अक्षरं, रेघा, सुरुवातीची शून्यं काढून टाकायची आणि पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकासह बिलं जुळवायची सोय केली होती. ‘A’ आणि ‘B’ अशा दोन मालिकांत ४५ नंबर दोनदा येऊ शकतो, म्हणून रक्कमही ताडायची. अरे बाबा, विस्कळीत डेटा साफ करणं, जोडणं आणि तपासणं म्हणतात ते हेच!

मग आम्ही लिहायला बसलो. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘दुकानाचे लाखो रुपये वाचवले.’ ते मी खोडायला लावलं. न जुळलेली बरीच बिलं पुरवठादारानं विवरण उशिरा भरल्यामुळे पुढच्या महिन्यात आपोआप येतात; ते पैसे वाचलेले नसतात, फक्त उशिरा मिळालेले असतात. मुलाखतीत एका प्रश्नात हा दावा कोसळला असता. शिवाय दुकानाचे आकडे मालकाचे, ते उघड करण्याचा त्याला अधिकार नाही.

शेवटी असं उतरलं: ‘कृषी निविष्ठांच्या ठोक व्यापारात बारा वर्षं हिशेब. खरेदी बिलं आणि GSTR-2B यांची जुळणी पॉवर क्वेरीत बसवली. फरक क्रमांकाच्या चुकीचा, उशिराच्या विवरणाचा की पुरवठादारानं बिल न दाखवल्याचा, हे वेगळं काढतो. एसक्यूएल शिकत आहे.’

‘शिकत आहे’ हे शब्द त्याला कमीपणाचे वाटले. मी ते ठेवायला लावले, कारण पहिल्या दोन वाक्यांवरचा विश्वास त्यांच्यामुळेच टिकतो. ‘डेटा ॲनालिस्ट, बारा वर्षं’ असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्यानं जुन्या नोकऱ्यांची नावं पाहून तिथेच खिडकी बंद केली असती.

दुकानाचा डेटा दाखवता येत नाही, मग नमुना काय दाखवणार? सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांची आवक आणि भाव सगळ्यांना खुले आहेत. त्यातून त्यानं वाशीम आणि कारंजा इथल्या सोयाबीनच्या आवक-भावाचा तक्ता पॉवर बीआयमध्ये मांडला. कोणत्या दिवसांची नोंद गायब आहे, तेही त्याखाली लिहिलं. त्या तक्त्याची लिंक आता प्रोफाइलच्या परिचयात शेवटच्या ओळीत आहे.