आभाराचे दोन शब्द
(पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या समारोपप्रसंगी सचिवांनी केलेले भाषण)



आभार मानणाऱ्याची वेळ मोठी कठीण असते. चहाचा वास आलेला असतो, नवापूरकडे जाणाऱ्यांचे लक्ष गाडीच्या वेळेकडे असते, आणि आभार मानणारा मात्र नावांची यादी काढून बसतो. त्या यादीत एखादे नाव राहून जाते आणि तेच पुढे वर्षभर लक्षात राहते. म्हणून आज आम्ही नावे घेणार नाही. कोणाच्या कामामुळे ही संस्था चालली, तेवढेच सांगू. ज्याचे काम, त्याला ते ओळखता येईल.

पहिले आभार तुमचे, जे वेळेवर आलात त्यांचे. आपल्या उपविधीप्रमाणे गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते. नंतर त्याच ठिकाणी ती पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीचे बंधन राहत नाही. पुष्कळ संस्थांत हा अर्धा तास गृहीतच धरलेला असतो. मग दहा-बारा माणसे शंभरांच्या पैशाचे निर्णय घेतात. आज पाऊस असूनही सभा पहिल्याच वेळेला सुरू झाली. ताळेबंद मंजूर झाला तो तुमच्या डोळ्यांदेखत.

दुसरे आभार अशा मंडळींचे, जी येथे हजर नाहीत. आपले सभासद शाळांत, आश्रमशाळांत, निरनिराळ्या कार्यालयांत नोकरीला आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी पगारपत्रक करणारा एक लिपिक असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 प्रमाणे, सभासदाने तसा लेखी करार करून दिला असेल, तर संस्थेच्या मागणीवरून त्याच्या पगारातून हप्ता कापून संस्थेकडे पाठवावा लागतो. कायदा आहे हे खरे, पण दर महिन्याला आपली यादी घेऊन रकाना भरणारा हात त्या लिपिकाचा असतो. आम्ही स्वतः बँकेत लिपिकच आहोत. या कामाचे कोणी कौतुक करीत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

आता तिसरे आभार. ते मानताना आम्हांला थोडे अवघड वाटते आहे, कारण त्यात आमची चूक सांगावी लागते.

गेल्या वर्षी जून महिन्यात आपल्या एका कर्जदार सभासदाची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. बदली झाली की जुने कार्यालय अंतिम वेतन प्रमाणपत्र देते. पगारातून कोणकोणत्या कपाती चालू आहेत, हे त्यावर लिहिलेले असते. या सभासदाच्या प्रमाणपत्रावर आपल्या संस्थेचा हप्ता लिहायचा राहिला. अशा वेळी संस्थेने करारपत्राची प्रत जोडून नव्या कार्यालयाला ताबडतोब पत्र द्यायचे असते. ते काम सचिवाचे, म्हणजे आमचे. ते पत्र गेले डिसेंबरात. तोपर्यंत त्या पगारातून दुसऱ्या कर्जाची कपात सुरू झाली होती आणि आपल्या हप्त्याला जागा उरली नव्हती.

इतके महिने हे लक्षात कसे आले नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण साधे आहे. आम्ही वसुलीची एकूण बेरीज पाहत होतो. त्याच काळात दुसरे एक सभासद मुलीच्या लग्नासाठी नवे कर्ज हवे म्हणून जुने कर्ज जादा रकमा भरून फेडत होते. त्यामुळे बेरजेत तूट दिसली नाही. मागणी किती आणि जमा किती, हे नावनिशी, एकेका ओळीला बोट लावून ताडून पाहिले असते, तर जुलैच्याच यादीत ती रिकामी जागा दिसली असती.

ती जागा शेवटी पाहिली एका भगिनीने. त्या आश्रमशाळेत स्वयंपाकाचे काम करतात. मागच्या वेळी आपल्या खात्याची नोंद पाहायला आल्या असता त्यांनी विचारले, "भाऊ, या नावापुढे काहीच कसं नाही? ते पैसे भरत नाहीत का?" आजही सभेत लाभांश कमी का, हा प्रश्न त्यांनीच विचारला. काहींना तो आवडला नाही. आम्ही मात्र त्यांचे जाहीर आभार मानतो. सभेत त्यांना अध्यक्षांनी उत्तर दिले. विद्यार्थी बसले आहेत त्यांच्यासाठी ते गोल आकडे घेऊन पुन्हा सांगतो.

समजा, संस्थेचे भागभांडवल 8 लाख रुपये आहे आणि निव्वळ नफा 80 हजार झाला. कायद्याप्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे 20 हजार, राखीव निधीत टाकावा लागतो. उरले 60 हजार. त्यातून 7 टक्के लाभांशाचे 56 हजार देता येतात. आता लेखापरीक्षकांनी सांगितले, की एका थकलेल्या कर्जापोटी 20 हजारांची तरतूद करा. नफा झाला 60 हजार, राखीव निधीला 15 हजार, उरले 45 हजार. यातून 5 टक्के दिले की 40 हजार संपले. ज्याचे 10 हजारांचे भाग आहेत, त्याला 700 रुपयांऐवजी 500 मिळाले. एकाचा हप्ता थांबला, तो सर्वांच्या खिशातून थोडा थोडा गेला. तरतूद न करता 7 टक्के वाटता आले असते. पण तो नफा कागदावरचा असता. तसे होऊ दिले नाही म्हणून लेखापरीक्षकांचेही आभार.

आणि सर्वांत मोठे आभार त्या कर्जाला जामीन राहिलेल्या दोघांचे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. जामिनावर सही करताना हे बहुतेकांना माहीत नसते. ओळखीखातर सही होते. या दोघांनी मे महिन्यापासून निम्मा निम्मा हप्ता भरायला सुरुवात केली. त्यांच्याही घरी मुलांची शिक्षणे आहेत. जे भरले ते मूळ कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्यांना आहे, आणि त्यासाठी लागणारे कागद संस्था त्यांना देईल, हे आज मंजूर झालेच आहे. जेवढी वसुली होईल तेवढी तरतूद पुढे मोकळी होईल. म्हणजे पुढच्या वर्षी लाभांश वाढला, तर त्यात या दोघांच्या घरखर्चातला वाटा असेल, हे विसरू नका.

आमच्याकडून झालेल्या दिरंगाईबद्दल आम्ही सभेची क्षमा मागतो. या महिन्यापासून वसुलीची यादी नावनिशी ताडून दर महिन्याच्या संचालक सभेपुढे ठेवू. तुमची बदली झाली, तर निरोप समारंभाच्या आधी एक पोस्टकार्ड आम्हांला टाका, एवढी विनंती.

शाळेची खोली देणारे मुख्याध्यापक, सतरंज्या घालणारी मुले, चहा करणाऱ्या भगिनी आणि प्रश्नांना न चिडता उत्तरे देणारे अध्यक्ष, या सर्वांचे ऋण मान्य करतो. अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपल्याचे जाहीर करतो. राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभे राहावे.